रेंडर हातातून सुटताना

जळकोटच्या एका दुमजली व्यापारी संकुलाचं रेंडर मी केलं होतं. खाली दुकानं, वर हॉल, मागे पावसाळ्यानंतरचं स्वच्छ निळं आकाश. मालकांनी ते पाहिलं, आवडलं म्हणाले, आणि आठ दिवसांनी प्लॉटवर बारा फूट बाय आठ फुटांचा फ्लेक्स उभा राहिला. वरच्या मजल्याची ग्रिल चिखलात बुडवून काढल्यासारखी दिसत होती, दुकानांच्या पाट्यांभोवती लालसर धुरळा होता आणि आकाश जांभळं पडलं होतं. माझ्या संगणकावर सहा हजार पिक्सेल रुंदीची फाइल शाबूत होती. ती मी मालकांना ईमेलने पाठवली होती, शिवाय पटकन बघायला म्हणून तेच चित्र व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं. फ्लेक्सवाल्याकडे गेलं ते व्हॉट्सअॅपवरचं, कारण मालकांना मेल उघडण्यापेक्षा फॉरवर्ड करणं सोपं होतं.

चूक कुणाची म्हणायची? मालकांची नाही. एकच चित्र दोन आकारांत पाठवताना कोणतं कशासाठी, हे मी लिहिलं नव्हतं. रेंडर छान झालं की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. प्रकाश, मटेरियल, कॅमेरा यांवर महिने घालवतो आणि फाइल कुठल्या रूपात हातातून सोडायची हे शेवटच्या दोन मिनिटांत, सेव्ह करताना ठरवतो. हे पुस्तक त्या दोन मिनिटांबद्दल आहे.

या विद्येला मराठीत अजून नाव नाही. तीन प्रश्न एकत्र केले की ती तयार होते: चित्रात पिक्सेल किती, ते कोणत्या डब्यात भरायचे, आणि त्या आकड्यांचा रंग कोणत्या मोजपट्टीने वाचायचा. रेझोल्यूशन, फॉरमॅट, कलर प्रोफाइल. तिन्ही प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचे आहेत, हे नव्या मुलांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे तैलचित्राची ओलिओग्राफ आवृत्ती काढायची म्हणजे मूळ चित्रातले रंग सुटे करून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. कॅनव्हासवरची छटा दगडावरच्या शाईत जशीच्या तशी उतरत नाही. कुठला रंग कशावर बसवला की मूळ छटेच्या जवळ जाता येईल, याचा निर्णय माणसाला करावा लागे. आज प्रोफाइल नावाची छोटी फाइल तेच काम आकड्यांच्या तक्त्याने करते.

मग हाफटोन ब्लॉक आले, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचा चार रंगांचा जमाना आला. शाईला फिकं-गडद होता येत नाही. ती एकतर कागदावर असते किंवा नसते. म्हणून छटा दाखवायला लहानमोठे ठिपके लागतात. एका इंचात अशा ठिपक्यांच्या किती ओळी बसतात, यावर छपाईचा बारीकपणा ठरतो. चांगल्या आर्ट पेपरवर ऑफसेटला इंचाला दीडशे ओळी हे नेहमीचं माप, वर्तमानपत्राच्या कागदाला त्याहून बरंच कमी. चित्र सुरक्षितपणे छापायला प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल असावेत असा अंगठेनियम पडला. दीडशे गुणिले दोन, तीनशे. उदगीर-लातूरच्या प्रत्येक प्रिंटिंगच्या दुकानात “सर, तीनशेचं करून द्या” म्हणून जो आकडा कानावर पडतो, त्याचं कूळ एवढंच आहे. हातात धरून वाचायच्या, दीडशे ओळींच्या ऑफसेट कागदासाठी तो बरोबर आहे. फ्लेक्सला तो का लावायचा, याचं उत्तर मला आजवर एकाही दुकानात मिळालेलं नाही.

त्यातही गंमत अशी की पुष्कळदा तीनशेचं करून देणं म्हणजे काहीच न करणं असतं. फाइलमध्ये डीपीआय नावाची एक नोंद असते. हे पिक्सेल इंचाला किती या हिशेबाने छापावेत, एवढीच सूचना ती करते. पिक्सेलची संख्या न बदलता ७२ च्या जागी ३०० लिहिलं तर चित्रात एक तपशीलही वाढत नाही, फक्त कागदावरचा आकार लहान होतो. सातबाऱ्यावर एकराऐवजी गुंठे लिहिल्याने जमीन वाढत नाही, तसंच हे. म्हणून कुणी डीपीआय विचारला की मी उलट दोनच गोष्टी विचारतो: छापील आकार किती आणि बघणारा किती अंतरावर उभा राहणार?

अंतराचा हिशेब सोपा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर असलेले दोन ठिपके वेगळे दिसतात. त्यावरून एक व्यवहारी सूत्र निघतं: ३४४० ला इंचातल्या अंतराने भागायचं, म्हणजे त्या अंतरावर इंचाला किती पिक्सेल पुरतात ते कळतं. पुस्तिका एक फुटावर धरली तर १२ ने भागून सुमारे २८७ येतात, म्हणजे तो जुना तीनशेच. टेबलावर ठेवलेला बोर्ड दोन फुटांवरून पाहिला तर १४३. रस्त्याच्या पलीकडून, पंचवीस फुटांवरून पाहिला जाणारा फ्लेक्स? ३०० इंचांनी भागा. साडेअकरा. इतक्याने भागतं हे ऐकून लोक हसतात, पण बरेच जण फ्लेक्सच्या जवळही जातात, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. म्हणून मी चाळीसच्या आसपास धरतो.

आता आमच्या संकुलाचा हिशेब मांडू. बारा फूट म्हणजे १४४ इंच, आठ फूट म्हणजे ९६. तीनशेने केलं असतं तर रुंदी ४३,२०० पिक्सेल आणि उंची २८,८०० पिक्सेल, एकूण सव्वाशे कोटींच्या जवळ. आमच्यापैकी कुणाच्या यंत्रावर हे रेंडर होणार नाही आणि झालं तरी कुणाला दिसणार नाही. चाळीसने केलं तर ५७६० बाय ३८४०. मी सहा हजार बाय चार हजार केलं होतं, तेव्हा फ्लेक्सला इंचामागे साडेएकेचाळीसहून जास्त मिळाले. हीच फाइल तीन फूट बाय दोन फुटांच्या ऑफिस बोर्डाला इंचामागे १६६ देते. म्हणजे दोन फुटांवरच्या १४३ च्या वर. पुस्तिकेत तीनशेने छापली तर वीस इंच रुंद जाते, जी कुठल्याही पुस्तिकेच्या पानाला पुरून उरते. एका आकारात तिन्ही कामं. मालकांनी फॉरवर्ड केलेली व्हॉट्सअॅपची आवृत्ती मात्र लांब बाजूने सोळाशे पिक्सेलच्या आसपास होती, म्हणजे फ्लेक्सवर इंचाला अकरा. रस्त्यापलीकडून ती कशीबशी चालली असती, पण व्हॉट्सअॅपने ती दाबलीही होती आणि ग्रिलच्या जागी चिखल त्यामुळे होता.

हा आकडा आधी ठरवायचा तो वेळेसाठी. रुंदीतले पिक्सेल दुप्पट केले की वेळ चौपट होतो, कारण उंचीही दुप्पट होते. १९२० बाय १२८० चं रेंडर माझ्या यंत्राला पंचवीस मिनिटं घेत असेल तर सहा हजार बाय चार हजारला चार तास लागतात. आमच्याकडे रात्री लाइट राहील की नाही याचा भरवसा नसतो, इन्व्हर्टर एवढा वेळ तग धरत नाही. म्हणून शेवटचं रेंडर एकदाच, योग्य आकारात आणि शक्यतो लाइट असेल त्या वेळी लावायचं. “आधी लहान करू, मग मोठं मागितलं की परत करू” हे आमच्याकडे रात्र वाया घालवण्याचं दुसरं नाव आहे.

डब्यांकडे, म्हणजे फॉरमॅटकडे वळतो. जेपीजीचं मानक १९९२ चं, फोटोसाठी बनलेलं. ते चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींमध्ये तोडून डोळ्याला कमी जाणवणारा तपशील टाकून देतं. बऱ्याचदा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने ठेवतं. आकाश, झाडं, भिंती यांत हे कळत नाही. पण पांढऱ्यावर लाल अक्षर आलं की लाल रंग कडेबाहेर सांडतो. आमच्या फ्लेक्सवर पाट्यांभोवती दिसलेला धुरळा हाच. शिवाय जेपीजी पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा काही टाकलं जातं. पीएनजी (१९९६) काहीही टाकत नाही. सपाट रंग, रेषा, पारदर्शक पार्श्वभूमी यांना ती उत्तम, पण त्यात छपाईचे चार रंग भरता येत नाहीत. टिफ हा १९८६ पासूनचा जुना, जड, भरवशाचा डबा. सहा हजार बाय चार हजारची सोळा बिटची टिफ दाबल्याशिवाय १४४ एमबी होते, म्हणून ती घरातच राहते. वेबसाठी २०१० पासून वेबपी आहे, तीच गुणवत्ता कमी जागेत.

याहून महत्त्वाचं म्हणजे अक्षरं रेंडरमध्ये घालायचीच नाहीत. दुकानांची नावं, फोन नंबर, प्रकल्पाचं नाव हे सगळं इंचाला चाळीस पिक्सेलच्या चित्रात घातलं की बोर्डावर दातेरी दिसतं. चित्र चित्र म्हणून द्या आणि अक्षरं फ्लेक्सवाल्याच्या कोरलमध्ये रेषेच्या रूपात बसू द्या. तो “कर्व्ह करून द्या” म्हणतो ते त्याचसाठी. मराठी फॉन्ट त्याच्याकडे नसला तर जोडाक्षरं फुटतात, कर्व्ह केलं की अक्षर हे आकार बनून जातं आणि फुटायला काही उरत नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून महारेराने जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला आहे, तेव्हा नोंदणीला पात्र प्रकल्पाच्या बोर्डावर हा मुद्दा नुसत्या सौंदर्याचा राहत नाही. क्यूआर जेपीजीत दाबला, ताणला किंवा चार रंगांच्या काळ्याने छापून थोडा सरकला, तर मोबाईलला तो वाचता येईलच असं नाही. त्याला एकच काळी शाई हवी आणि त्याच्याभोवती पांढरी मोकळी जागा हवी. बोर्ड उभारण्याआधी मी तो कागदावर छापून, स्वतःच्या फोनने लांबून वाचून बघतो.

आता जांभळ्या आकाशाकडे यावं लागेल. मी मालकांना सगळं समजावून सांगितलं, मोठी फाइल पेन ड्राइव्हवर दिली, फ्लेक्स नव्याने छापला गेला. ग्रिल स्वच्छ, पाट्या स्वच्छ. आकाश तसंच जांभळं. म्हणजे रेझोल्यूशन आणि फॉरमॅट बरोबर होते तरी तिसरा प्रश्न तसाच होता.

मॉनिटर लाल, हिरवा, निळा उजेड मिसळतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई मिसळते. मॉनिटरचा चमकदार निळा शाईने बनवायचा म्हणजे निळसर आणि किरमिजी दोन्ही भरभरून घालायच्या, आणि दोघी सारख्या झाल्या की डोळ्याला तो जांभळा दिसतो. यावर छापखान्यांत जुना उपाय आहे: निळ्यात किरमिजी ही निळसरपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवायची. आमच्या आकाशात निळसर ९५, किरमिजी ८८ होती. मी फोटोशॉपमध्ये आकाशाचा भाग निवडून किरमिजी साठच्या घरात आणली. तिसरा फ्लेक्स छापण्याआधी आकाश आणि ग्रिल दिसेल असा एक फूट बाय दोन फुटांचा तुकडा छापून घेतला, तो बाहेर उन्हात आणि नंतर दुकानातल्या ट्यूबखाली पाहिला. शंभर-दोनशे रुपयांचा तुकडा वाचवायला गेलो म्हणून आधी एक अख्खा फ्लेक्स गेला होता.

हे असं का होतं, याच्या मुळाशी एक तडजोड आहे. १९९३ मध्ये काही कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय कलर कॉन्सॉर्शियम स्थापन केलं आणि प्रोफाइलची समान रचना ठरवली, म्हणजे फाइलने स्वतःसोबत आपली मोजपट्टी न्यावी. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी मांडला, त्या वेळच्या साध्या मॉनिटरशी जुळणारा, छोटा, पण सगळ्यांना सारखा कळणारा रंगसंच. १९९८ मध्ये अॅडोबीने त्याहून मोठा संच काढला, कारण छपाईचे काही हिरवे-निळसर रंग एसआरजीबीत बसत नव्हते. त्यातून तीन पंथ तयार झाले आणि या क्षेत्रातले बहुतेक वाद याच तिघांत चालतात.

पहिला पंथ म्हणतो, सगळं सुरुवातीलाच सीएमवायके करून द्या, कागदावर जे दिसणार तेच आपण पाहू. हे ऑफसेटवाल्यांचं जुनं शहाणपण आहे, पण कुठल्या शाईचा आणि कागदाचा सीएमवायके, हे माहीत नसेल तर ते शहाणपण निरर्थक ठरतं. संगणकात आधीपासून बसलेला अमेरिकन ऑफसेटचा प्रोफाइल फ्लेक्सच्या सॉल्व्हंट शाईशी जुळेलच असं नाही. दुसरा पंथ उलट म्हणतो: आरजीबी प्रोफाइलसकट द्या, रूपांतर शेवटच्या यंत्रावर होऊ द्या, कारण त्या यंत्राचा स्वभाव त्याच यंत्राला माहीत. पीडीएफच्या एक्स-४ या छपाई-मानकात यासाठी जागा आहे, एक्स-१ए मध्ये नव्हती. तत्त्वतः हाच पंथ बरोबर आहे. पण त्यासाठी समोरच्या दुकानदाराने प्रोफाइल वाचायला हवा, आणि लहान गावातल्या दुकानात तो वाचला जातो की फेकला जातो हे विचारल्याशिवाय कळत नाही. तिसरा पंथ सगळं एसआरजीबी म्हणणारा. मी यात बसतो, थोडीशी लाज वाटत असली तरी. कारण प्रोफाइल हरवला तरी बहुतेक यंत्रं चित्र एसआरजीबीच आहे असं मानून चालतात, आणि मग हरवल्याचं नुकसान होत नाही. मोठ्या संचातल्या फाइलचा प्रोफाइल हरवला तर तेच आकडे छोट्या पट्टीने वाचले जातात आणि चित्र मळकं, फिकं दिसतं. ओळखीची खूण हीच: घरी ताजंतवानं, दुसरीकडे फिकं, तर प्रोफाइल हरवला किंवा दुर्लक्षिला गेला.

इथे एक गोंधळ इतका वारंवार होतो की त्याच्यावर थांबायला हवं. फोटोशॉपमध्ये दोन आज्ञा शेजारी आहेत, `Assign Profile` आणि `Convert to Profile`. पहिली फक्त पाटी बदलते: आकडे तेच, त्यांचा अर्थ वेगळा, म्हणून रंग बदलतो. दुसरी आकडे बदलते, जेणेकरून रंग शक्यतो तोच राहावा. किलोचं माप शेरात सांगताना आकडा बदलावा लागतो, नुसतं युनिटचं नाव बदलून भागत नाही. बोर्डासाठी प्रोफाइल बदलायचा असेल तर `Convert` वापरा. `Assign` फक्त तेव्हा, जेव्हा फाइलवर पाटीच नाही आणि ती कोणत्या पट्टीची आहे हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे.

हे आता का लिहावं लागतं? दहा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या भागातला ग्राहक रेंडर कागदावर किंवा माझ्याच मॉनिटरवर बघायचा. आता पहिली पसंती फोनवर मिळते, आणि फोन गडद, भडक रंगांच्या मोडवर असतो, रात्री पिवळसर. तिथे पसंत केलेलं आकाश फ्लेक्सवर कधीच मिळणार नाही, फ्लेक्सच्या शाईत ते नाहीच. फोनवर होकार मिळाला तरी रंगाचा शेवटचा होकार मी कागदावर किंवा तुकड्यावर घेतो आणि तसं मेलमध्ये लिहून ठेवतो. जुन्या पद्धतीच्या घरमालकांना हे आधी चिकटपणाचं वाटतं. नंतर तेच सांगतात, “त्या बोर्डाचं त्याच वेळी लिहून घेतलं ते बरं झालं.”

मेलबद्दल थोडं. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी, पण जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांच्या रूपात फुगते, सुमारे तिसऱ्या भागाने वाढते, त्यामुळे अठरा एमबीच्या वरची फाइल अडकण्याची भीती असते. म्हणून मेलला दोन हजार पिक्सेल रुंदीची एक-दीड एमबीची जेपीजी जोडतो आणि खाली मोठ्या फाइलची लिंक देतो, ‘छपाईसाठी ही’ असं मराठीत लिहून. व्हॉट्सअॅपवर द्यायचीच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, तेव्हा ती जशीच्या तशी जाते. फाइलच्या नावातच `flex_12x8ft_print` किंवा `phone_baghaayla` असं लिहिलं की कोण कुठे फॉरवर्ड करतंय याची काळजी बरीच कमी होते. हा माझा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत जास्त कामाला आलेलाही.

या पुस्तकात हे सगळं मालकांच्या बाजूने, फ्लेक्सवाल्याच्या बाजूने आणि रेंडर करणाऱ्याच्या बाजूने फिरत जाऊन मांडलं आहे. सॉफ्टवेअरची बटणं शिकवणं हा हेतू नाही, ती दर दोन वर्षांनी जागा बदलतात. मूळ चित्र एकच ठेवायचं, सोळा बिटच्या टिफमध्ये, त्याला कधी हात लावायचा नाही, आणि त्यापासून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी प्रत काढायची, हा धागा सगळीकडे आहे. ऑफसेट, फ्लेक्स, बॅकलिट आणि विनाइल यांच्यातला फरक सविस्तर आहे, कारण बॅकलिट बोर्डावर मागून दिवा लागतो तेव्हा साधं चित्र पांढुरकं पडतं, त्याला गडद प्रत लागते. ग्राहकाने विचारायचे आणि दुकानदाराला विचारायचे प्रश्न वेगवेगळे दिले आहेत. पुस्तकाच्या मर्यादाही आहेत: मोठ्या शहरांतल्या प्रूफ छापणाऱ्या यंत्रांचा अनुभव इथे थोडा आहे, एचडीआर पडद्यांचा त्याहून थोडा.

संकुलाचा तिसरा फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहिला. ग्रिल मोजता येत होती. आकाशाचा निळा मॉनिटरपेक्षा मंदच होता. शेजारच्या चहावाल्याने विचारलं, “सर, इमारत झाली का हो? की फोटोच आहे?”